नथींच्या नव्या संग्रहाचा टीझर: किती दाखवावं, किती झाकावं?

सुरंगी

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. गेली चार वर्षं घरीच हाताने नथी करते. तारेवर मोती आणि खडे बांधायचे, साचा वगैरे काही नाही. विक्री इन्स्टाग्रामवरून होते, तिथे साडेतीन हजारांच्या आसपास लोक आहेत. गौरी-गणपतीसाठी नवा संग्रह करतेय. नऊ डिझाइन, प्रत्येकी चार नग, म्हणजे ३६ नथी. विक्री गौरी यायच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी रात्री ९ वाजता सुरू करणार आहे.

प्रश्न टीझरचा आहे. गेल्या दिवाळीत मी सात फोटोंचा कॅरोसेल टाकला होता. पहिल्या स्लाइडवर काळ्या रंगावर "काहीतरी खास येतंय", मग पाच नथींचे मुद्दाम धूसर केलेले फोटो आणि शेवटी "लवकरच". चारशेच्या वर लाइक आले, खाली बदामच बदाम. आणि विक्रीच्या रात्री पहिल्या दोन तासांत गेल्या फक्त पाच नथी. पुढचा आठवडाभर मुली विचारत होत्या, "अगं, कधी आलं? कळलंच नाही!"

यावेळी तसं व्हायला नको. पण सगळंच आधी दाखवलं तर त्या दिवशी बघायला काय उरलं, असंही वाटतं. शिवाय दोन वर्षांपूर्वी मी पूर्ण फोटो आधी टाकले होते, तेव्हा माझी एक बाणू नथ जशीच्या तशी दुसऱ्या एका पेजवर आठ दिवसांत विकायला आली होती. किती दाखवायचं आणि किती झाकायचं?

पाटल्या_आणि_गोठ

मी विकत घेणारी आहे, विकणारी नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगते. "लवकरच" वाचलं की मी लाइक करते आणि विसरते. लवकर म्हणजे कधी? तारीख असती तर मी पगाराशी जुळवून बघितलं असतं. धूसर फोटोचं म्हणाल, तर मला आधी वाटतं नेट स्लो आहे. दोन सेकंद थांबते आणि पुढे जाते.

डिजिटल_दादा

ताई, मी दोन दुकानांची पेजेस सांभाळतो. कॅरोसेलमध्ये आता २० फोटो टाकता येतात, तर २० च्या २० भरा. जितके जास्त फोटो तितका माणूस जास्त वेळ थांबतो, तितकी पोस्ट पुढे जाते. फोटो चौकोनी ठेवा, नाहीतर प्रोफाइलवर कापले जातात. आणि दुसरी स्लाइड चांगली ठेवा, कारण पहिल्यांदा कुणी सरकवलं नाही तर तीच पोस्ट पुन्हा समोर येते तेव्हा दुसऱ्या फोटोपासून दिसते. टीझर रोज एक टाका, निदान १५ दिवस.

मातीकाम

दादा, दुसऱ्या स्लाइडचं अगदी बरोबर. बाकीच्याशी सहमत नाही. चौकोनाचा काळ गेला. २०२५ च्या जानेवारीपासून प्रोफाइलवरचे चौकोन उभे झालेत. १०८० बाय १३५० चा उभा फोटो टाकला तर तिथे फक्त कडेचं अगदी थोडं जातं, आणि फोनवर तो चौकोनापेक्षा जास्त जागा व्यापतो. एक मात्र आहे, पहिला फोटो ज्या मापाचा तीच चौकट पुढच्या सगळ्यांना लागते. मध्येच आडवा फोटो घातलात तर त्याच्या दोन्ही बाजूच्या कडा जातात.

आणि २० फोटोंना २० गोष्टी सांगण्यासारख्या लागतात. टीझरमध्ये तेवढ्या नसतात.

सुरंगीताई, मी सावंतवाडीजवळ मातीचे दागिने करते, सात वर्षं झाली. तुमच्यासारखाच मार मीही खाल्लाय, तो आधी सांगते. पहिल्या मोठ्या संग्रहाच्या वेळी कच्च्या, रंग न दिलेल्या कानातल्यांचे फोटो काढून टीझर टाकला. माल भट्टीत जायचा होता. पावसाळी हवेत वाळवायची घाई झाली, आत ओल राहिली आणि ३० जोडांपैकी ११ भट्टीत तडकले. त्यातले चार टीझरमध्ये होते. टाकलेल्या कॅरोसेलमधून एखादा फोटो काढता येतो, पण त्याच्या जागी दुसरा घालता येत नाही. मी चारही काढले तर मागे उरला नुसता "येतंय येतंय"चा गजर. लोकांनी नेमके तेच चार मागितले. तेव्हापासून नियम केलाय: सगळे नग हातात, मोजून डबीत, मग फोटो, मग टीझर. तुमच्या ३६ नथी तयार आहेत का?

सुरंगी

२२ झाल्यात. एका डिझाइनला गडद हिरवे खडे हवेत, ते अजून आलेले नाहीत.

मातीकाम

मग ते डिझाइन टीझरमध्ये घेऊच नका. आले खडे तर त्या रात्री लोकांना नवीन काहीतरी मिळेल. नाही आले तर कुणाचा शब्द मोडला जाणार नाही.

कमलताई

मला कॅरोसेल वगैरे कळत नाही, पण नथीचा धागा दिसला म्हणून आले. माझ्या सासूबाईंची सोन्याची नथ आहे, बसरा मोत्यांची. दोन मोती सैल झालेत. पूर्वी आमच्याकडे पटवेकरी यायचे, ते दारात बसून गाठवून द्यायचे. आता सोनाराकडे गेलं की तो म्हणतो मोती बदलून घ्या. मला बदलायचे नाहीत. सुरंगी, तू गाठवून देतेस का?

सुरंगी

कमलताई, बसरा मोत्यांना हात लावायची माझी छाती नाही हो. भोक मोठं करायला गेलं आणि मोती फुटला तर तसा परत मिळणार नाही. पण आमच्याकडे एक वयस्कर गाठवणारे आहेत, त्यांना विचारून तुम्हाला निरोप देते.

खिडकीचा_उजेड

मी फोटोग्राफर आहे, लग्नाचे फोटो काढतो आणि मधल्या काळात दागिन्यांचे. झाकणं आणि धूसर करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जे झाकायचं ते चौकटीच्या बाहेर ठेवा. जे आत आहे ते लखलखीत दिसू द्या.

म्हणजे असं. नथीचा फक्त खालचा कोपरा घ्या. तीन मोती, त्यांच्यामधला एक लाल खडा आणि खड्याच्या मागून वळलेली तार. तेवढ्यानेच पूर्ण चौकट भरा. नथीचा आकार कळत नाही, पण तार किती सफाईने वळली आहे ते दिसतं. हाताच्या कामाची खूण तिथेच असते. नक्कल करणाऱ्याला त्यातून डिझाइन मिळत नाही आणि गिऱ्हाइकाला काम कसं आहे ते कळतं.

एक अडचण येईल. मोती म्हणजे छोटा गोल आरसा. जवळून काढलात की प्रत्येक मोत्यात फोन धरलेल्या तुम्ही दिसाल, काळा ठिपका होऊन. म्हणून फोन हातभर लांब धरा आणि दुप्पट झूम करा. खिडकीला बटर पेपर लावा आणि नथ खिडकीपासून दीड-दोन फुटांवर ठेवा. मग मोत्यात मऊ पांढरा पट्टा दिसतो, तीच मोत्याची चमक. ट्यूब आणि खिडकी दोन्ही एकदम चालू ठेवू नका. दोन रंगांचे उजेड मिसळले की पांढरा मोती एका बाजूने पिवळा आणि दुसरीकडून निळा येतो, आणि पार्सल उघडल्यावर "रंग वेगळा आला" ऐकावं लागतं.

पाटल्या_आणि_गोठ

मोत्यात फोन दिसतो हे वाचून माझ्याकडच्या दोन-तीन सेव्ह केलेल्या पोस्ट उघडून बघितल्या. खरंच दिसतो! एकीत तर पंखासुद्धा दिसतोय.

सुरंगी

उजेडदादा, खूप आभार. आज दुपारी बटर पेपर लावून काढून बघितले. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. धाकट्या बहिणीला नथ घालून तिचाही अर्धा चेहरा काढला, फक्त नाक आणि ओठ. हा आता माझा आवडता फोटो झालाय. खाली जोडतेय.

कमलताई

सुरंगी, फोटो फार गोड आहे. पण पोरीने नथ उजव्या नाकपुडीत घातली आहे का? आपल्याकडे डावीकडे घालतात. आणि तुझी नथ डावीकडचीच आहे, तिचा बाक बघितला की कळतं.

खिडकीचा_उजेड

कमलताईंनी बरोबर धरलं. हा फोटो पुढच्या कॅमेऱ्याने काढलाय ना? बरेच फोन सेल्फी आरशासारखी उलटी जतन करतात. नथ डावीकडेच असणार, फोटो उलटला आहे. एडिटिंगमध्ये आडवा फ्लिप करून घ्या. पण त्यापेक्षा मागच्या कॅमेऱ्याने पुन्हा काढा, स्पष्टपणाही जास्त येईल.

सुरंगी

बाई गं! हो, बहिणीने स्वतःच काढला होता. हा असाच गेला असता तर नथ घालणाऱ्या प्रत्येकीला खटकला असता. कमलताई, तुमचे पाय कुठे आहेत?

मातीकाम

आता स्लाइडचा क्रम. माझा गेल्या वर्षीचा सात फोटोंचा होता, तो तुमच्या नथींवर बसवून सांगते.

पहिली स्लाइड उजेडदादांचा तो कोपरा, आणि त्यावर फक्त वार, तारीख, वेळ. "काहीतरी खास" नको. दुसरी बहिणीचा चेहरा. डिजिटलदादांनी सांगितलं तसं हा फोटो काहींना पहिलाच दिसणार, म्हणून त्याच्यावरही तारीख बारीक अक्षरात पुन्हा घाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्लाइडमध्ये एक गंमत करता येते. २१६० बाय १३५० चा एक लांब फोटो करा आणि मधोमध कापा. चेहऱ्याच्या उजव्या कडेला एक मोत्यांची सर अर्धवट तुटलेली दिसली पाहिजे, तिचं दुसरं टोक तिसऱ्या स्लाइडवर. बोट आपोआप सरकतं. मी हे मातीच्या मण्यांच्या माळेवर केलं होतं. कापण्याची रेघ मण्याच्या मधोमध घ्या, दोन मण्यांच्या फटीत घेतली तर सर तिथेच संपली असं वाटतं.

चौथी तुमचे हात, तार वळताना. पाचवीवर नथीची मागची बाजू. ही स्लाइड कुणी टाकत नाही, आणि मला सगळ्यात जास्त प्रश्न कानातल्यांच्या मागच्या बाजूचेच येतात. सहावीवर किती नग आणि किंमत कुठून कुठपर्यंत. सातवीवर बघणाऱ्याने आत्ता काय करायचं ते, एकच गोष्ट. "लाइक करा, शेअर करा, मैत्रिणीला टॅग करा, मेसेज करा" असं चार कामं सांगितलं की लोक एकही करत नाहीत.

पाटल्या_आणि_गोठ

मागच्या बाजूला शंभर मार्क. माझं नाक टोचलेलं नाही. मला दाबाचीच नथ लागते, आणि ती कशी आहे हे विचारायला दरवेळी मेसेज करावा लागतो. घट्ट असली तर हळदीकुंकू संपेपर्यंत नाक लाल होतं, सैल असली तर जेवताना ताटात पडते. दाब हाताने सैल-घट्ट करता येतो का, एवढं त्या स्लाइडवर लिहिलंत तरी मी डोळे झाकून थांबेन. आणि नथ किती मोठी आहे ते कळण्यासाठी शेजारी रुपयाचं नाणं ठेवा.

डिजिटल_दादा

मातीकाम ताईंचा क्रम चांगला आहे, पण किंमत आधी सांगू नका. टीझरमध्ये किंमत आली की उत्सुकता संपते. लोक लगेच दुसरीकडे तुलना करायला जातात. साच्यातली नथ दीडशे रुपयांत मिळते, आणि बघणाऱ्याला फोनवर फरक कळत नाही.

पाटल्या_आणि_गोठ

मला उलटं वाटतं. किंमत नसली की मी धरून चालते की परवडणार नाही. "किंमत इनबॉक्समध्ये" हे वाक्य दिसलं की मी बाहेर.

सुरंगी

माझ्या नथी ४५० ते १,२५० पर्यंत आहेत. १,२५० चं डिझाइन एकच, त्यातल्या एकेका नथीला आठ तास लागतात. आधी आकडा सांगितला की लोक फक्त वरचाच आकडा वाचतात, हाही अनुभव आहे.

मातीकाम

मग "४५० पासून" असं लिहा. पण मग ४५० वाल्या खरंच पुरेशा हव्यात. एकच नग ४५० चा आणि बाकी सगळे हजाराच्या पुढे, असं झालं तर लोक रागावतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

बे_एरिया_मावशी

मी कॅलिफोर्नियात असते, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीसाठी दरवर्षी सांगली-कोल्हापूरकडून काहीतरी मागवते. एक विनंती. "रविवार रात्री ९" च्या पुढे "भारतीय वेळ" एवढे दोन शब्द लिहा. तुमचे रात्रीचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आमच्याकडे रविवारी सकाळचे साडेआठ. मी एकदा आमच्या रात्री नऊला जागून बसले होते, तोवर तिकडे सोमवारची सकाळ होऊन सगळं विकलं गेलं होतं. आणि बाहेरदेशी पाठवता की नाही तेही आधीच सांगा. नसेल तर नसेल, मी बहिणीकडे पुण्याला मागवीन.

सुरंगी

मावशी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाहेर पाठवत नाही अजून. तसं लिहिते.

सातव्या स्लाइडवर काय सांगू? माझ्या मनात होतं की व्हॉट्सॲपवर नंबर पाठवा, मी ब्रॉडकास्ट करते.

मातीकाम

ते करा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. मला हे माहीत नव्हतं. ६४ बायकांनी नंबर पाठवले, मी ऐटीत यादी केली, विक्रीच्या वेळी मेसेज सोडला आणि १९ जणींना पोचला. बाकीच्यांना वाटलं मी विसरले. त्यामुळे "नंबर पाठवा" असं न लिहिता "माझा नंबर सेव्ह करून 'नथ' एवढा मेसेज पाठवा" असं लिहा. एका यादीत २५६ च माणसं बसतात, पण तुम्हाला तेवढी पुरे.

दुसरं, इन्स्टाग्रामच्या पोस्टलाच रिमाइंडर लावता येतो. पोस्ट करतानाच तो पर्याय असतो. लोकांनी तो दाबला की त्यांना एक दिवस आधी, पंधरा मिनिटं आधी आणि ऐन वेळी सूचना जाते. तुमच्या "कळलंच नाही" वाल्या मुलींसाठी हाच उपाय. मी सातव्या स्लाइडवर फक्त रिमाइंडर सांगेन आणि व्हॉट्सॲपचं स्टोरीत सांगेन.

डिजिटल_दादा

रिमाइंडरला अनुमोदन. आणि १५ दिवस रोज टाका म्हणालो ते मागे घेतो, ३६ नगांना ते जास्त होईल. पण एकाच पोस्टवर थांबू नका. किती दिवस आधी टाकणार?

मातीकाम

मी बारा दिवस आधी टाकून बघितलं आणि चार दिवस आधीही. बाराला लोक विसरले. चार दिवसांत पगार, नवरा, मैत्रिणी, सगळ्यांशी बोलून व्हायला वेळ कमी पडला असं काहींनी सांगितलं. आता मी सोमवारी कॅरोसेल टाकते आणि रविवारी विकते. मधल्या दिवसांत स्टोरीत त्यातलीच एकेक स्लाइड, नवीन काही नाही. माझ्या गावाकडच्या गिऱ्हाइकांना हे चालतं, शहरातल्यांचं मला सांगता येणार नाही.

कमलताई

मला एक विचारायचंय. चारच नग म्हणून घाई करायला लावायची आणि मग लोकांनी मागितलं की आणखी दहा करून द्यायचे, असं करतात ना काही जण? माझ्या सुनेने "शेवटचे दोन" म्हणून घाईघाईने घेतलेलं मंगळसूत्र महिनाभराने तिथेच पुन्हा होतं. तिला फार वाईट वाटलं.

सुरंगी

ताई, मी नाही करत. पण ऑर्डर आली तर "नाही" म्हणणंही जड जातं, खरं सांगते. यावेळी सहाव्या स्लाइडवर लिहिते: "प्रत्येकी चार. नंतर ऑर्डर घेईन, पण खड्यांचा रंग वेगळा असेल." म्हणजे पहिल्या चौघींची नथ त्यांचीच राहील.

मातीकाम

हे मी उचलणार हं. फार छान सुचलंय.

सुरंगी

(तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, वृत्तांत द्यायला आले. सोमवारी सकाळी कॅरोसेल टाकला. लाइक दिवाळीपेक्षा कमी, अडीचशेच्या घरात. त्या संध्याकाळी जरा रडूच आलं होतं. पण रिमाइंडर ७१ जणींनी लावला आणि पाचव्या, म्हणजे मागच्या बाजूच्या स्लाइडवरून ३० च्या वर मेसेज आले, सगळे दाबाबद्दल. त्यामुळे गुरुवारी स्टोरीत नखाने दाब सैल करून दाखवला.

हिरवे खडे शुक्रवारी आले. रात्री जागून चार केल्या. त्या टीझरमध्ये नव्हत्या, आणि त्याच सगळ्यात आधी संपल्या.

रविवारी रात्री ९ ते ११ मध्ये ३६ पैकी २३ गेल्या. बुधवारपर्यंत ३१. उरलेल्या पाचांत त्या १,२५० वाल्या चारही आहेत. सहावीवर मी "४५० पासून" लिहिलं होतं, वरचा आकडा नव्हता. आता वाटतंय तोही लिहायला हवा होता, म्हणजे तेवढी तयारी असलेल्या बायका त्या रात्री आल्या असत्या. की दादा म्हणतात तसं आकडाच नको होता?

डिजिटल_दादा

अभिनंदन ताई! चारही उरल्या म्हणजे किंमत लपवून फायदा झाला नाही, एवढं मान्य. पण ४५० वाचून आलेल्या बाईला १,२५० एकदम महाग वाटते. आकडाच नसता तर तिने आधी नथ बघितली असती.

पाटल्या_आणि_गोठ

दादा, मी ४५० वाचूनच आले आणि ६८० ची घेऊन गेले. दाब मस्त आहे, मंगळागौरीला चार तास घातली, नाक जागेवर आहे.

मातीकाम

सुरंगीताई, त्या चार नथींचा वेगळा कॅरोसेल करा. आठ तास लागतात ना? मग आठ स्लाइड, दर तासाला एक फोटो, एकाच जागेवरून, तार मोकळी असल्यापासून शेवटचा मोती बसेपर्यंत. शेवटच्या स्लाइडवर किंमत. पाचवी नथ कराल तेव्हा फोनला स्टँड लावून ठेवा.

कमलताई

सुरंगी, तू सांगितलेल्या आजोबांकडे जाऊन आले. दोन्ही मोती तेच ठेवून गाठवून दिले त्यांनी. गौरीला घालणार आहे. डावीकडे.